छोट्या कार्यालयातील व्हिडिओ कॉलसाठी बँडविड्थ-निश्चिती व सेवागुणवत्ता

बँडविड्थ-निश्चिती म्हणजे एखाद्या कार्यालयाला किती क्षमतेची आंतरजाल जोडणी लागेल याचा हिशेब. सेवागुणवत्ता अर्थात क्यूओएस म्हणजे त्या जोडणीवरून जाणाऱ्या निरनिराळ्या प्रकारच्या वाहतुकीला अग्रक्रम ठरवून देण्याची व्यवस्था. ज्या छोट्या कार्यालयात एकाच वेळी अनेक व्हिडिओ कॉल चालतात, तेथे या दोन्ही बाबी एकत्र विचारात घ्याव्या लागतात. क्षमता अपुरी असेल तर अग्रक्रम लावून ती वाढत नाही. उलटपक्षी, क्षमता हिशेबाप्रमाणे पुरेशी असूनही एका मोठ्या फाइलच्या अपलोडमुळे सर्व कॉल एकाच वेळी तुटक होऊ शकतात. या लेखात १०० मेगाबिट प्रति सेकंद डाउनलोड आणि २० मेगाबिट प्रति सेकंद अपलोड अशी जोडणी असलेल्या २४ जणांच्या एका काल्पनिक कार्यालयाचे उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. लेखात पुढे 'मेगाबिट' म्हणजे 'मेगाबिट प्रति सेकंद' असे समजावे. फाइलचा आकार सांगताना मात्र तसा स्पष्ट उल्लेख केला आहे.

## व्हिडिओ कॉलची गरज

व्हिडिओ कॉलमध्ये दोन्ही दिशांनी सतत वाहतूक होते. चित्रपट पाहताना काही सेकंदांचा मजकूर आधीच उतरवून ठेवता येतो, त्यामुळे जोडणी क्षणभर मंदावली तरी प्रेक्षकाला ते जाणवत नाही. संभाषणात अशी साठवण करता येत नाही, कारण पुढचे वाक्य अजून उच्चारलेच गेलेले नसते. म्हणून कॉलला केवळ वेग पुरत नाही. प्रत्येक पॅकेट वेळेत पोहोचणे त्याहून महत्त्वाचे ठरते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार बोलणाऱ्याच्या मुखापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुतेक संभाषणे विनाअडथळा चालतात. विलंब त्याहून बराच वाढला की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात. विलंब सतत कमीअधिक होत राहिला, तर आवाजातील शब्द गळू लागतात. या चढउताराला 'जिटर' म्हणतात.

आवाज आणि चित्र यांच्या गरजांत मोठा फरक आहे. ओपससारख्या कोडेकने संक्षिप्त केलेला आवाज साधारणपणे २४ ते ४० किलोबिट प्रति सेकंद एवढ्यात बसतो. तो सेकंदाला ५० पॅकेटांतून पाठवला, तर पॅकेटांवरील शीर्षकांचे सुमारे १६ किलोबिट त्यात मिळवावे लागतात. नियोजनासाठी प्रत्येक आवाजाला ०.१ मेगाबिट धरले की पुरेशी सैल जागा राहते. ७२० रेषांच्या चित्राला मात्र दीड ते अडीच मेगाबिट लागतात. चित्र धूसर झाले तरी बैठक चालू राहते. आवाज तुटला की ती थांबते. अग्रक्रम ठरवताना हा फरक निर्णायक ठरतो.

बहुतेक बैठक-सेवांमध्ये प्रत्येक सहभागी आपले चित्र फक्त मधल्या सर्व्हरकडे पाठवतो आणि तो सर्व्हर ते इतरांना वाटतो. त्यामुळे बैठकीत पाच जण असोत वा पन्नास, पाठवणाऱ्याचा अपलोड जवळजवळ तेवढाच राहतो. डाउनलोड मात्र पडद्यावर किती चेहरे किती मोठे दिसत आहेत त्यावर बदलतो.

## बँडविड्थचा हिशेब

हिशेबाची सुरुवात कर्मचाऱ्यांच्या संख्येपासून करणे चुकीचे ठरते. मोजायची असते ती सर्वांत व्यग्र तासातील एकाच वेळच्या कॉलांची संख्या. दोन-तीन आठवड्यांच्या बैठकांच्या नोंदी पाहिल्या की ती मिळते. उदाहरणातील कार्यालयात २४ जण आहेत, पण सकाळी ११ ते १२ या व्यग्र तासात आठ जण आपापल्या संगणकावरून कॉलवर असतात आणि त्यांपैकी दोघे आपला पडदा इतरांना दाखवत असतात. अपलोडचा हिशेब असा होतो:

| बाब | हिशेब | मेगाबिट प्रति सेकंद |
|---|---|---|
| चित्र | ८ × १.५ | १२.० |
| आवाज | ८ × ०.१ | ०.८ |
| पडदा दाखवणे | २ × १.० | २.० |
| कॉलांची एकूण गरज | | १४.८ |
| ईमेल, फाइल-साठवण व इतर कामे | | ३.० |
| एकूण | | १७.८ |

या बेरजेला ०.९ ने भागले जाते, कारण पुढे स्पष्ट केल्याप्रमाणे जोडणीचा सुमारे दहावा भाग मुद्दाम रिकामा ठेवावा लागतो. १७.८ ला ०.९ ने भागल्यास १९.८ येतात. म्हणजे २० मेगाबिट अपलोडची जोडणी या कार्यालयाला जेमतेम, पण पुरेशी आहे. डाउनलोडसाठी प्रत्येक कॉलला अडीच मेगाबिट धरले, तरी आठ कॉलांना २० मेगाबिटच लागतात आणि १०० मेगाबिटांच्या जोडणीत ते सहज सामावतात. केबल किंवा तांब्याच्या तारेवरील जोडण्यांमध्ये अपलोड हा डाउनलोडच्या मानाने बराच लहान असतो. अशा ठिकाणी जाहिरातीतील मोठा आकडा डाउनलोडचा असतो आणि अडचण मात्र अपलोडमध्ये येते. दोन्ही दिशांना समान वेग देणाऱ्या फायबर जोडणीत हा प्रश्न सौम्य होतो.

हाच हिशेब जोडणी कधी अपुरी पडेल तेही सांगतो. कॉलांची संख्या आठावरून बारावर गेली, तर चित्राला १८, आवाजाला १.२ आणि पडद्याला २ असे २१.२ मेगाबिट लागतात. इतर कामांचे ३ मिळवून ०.९ ने भागल्यास सुमारे २७ येतात, म्हणजे निदान ३० मेगाबिट अपलोडची जोडणी हवी. जोडणी वाढवणे शक्य नसल्यास गरज कमी करावी लागते. कॅमेऱ्याचे चित्र ३६० रेषांवर मर्यादित करून प्रत्येकी ०.६ मेगाबिट धरल्यास बारा कॉलांची एकूण गरज १०.४ मेगाबिटांवर येते. एकाच बैठकीत असलेले चार जण चार संगणकांऐवजी बैठकीच्या खोलीतील एका कॅमेऱ्यासमोर बसले, तर चारऐवजी एकच चित्र बाहेर जाते.

## पुरेशी क्षमता असूनही कॉल का तुटतात

उदाहरणातील जोडणी हिशेबाप्रमाणे पुरेशी आहे. तरीही कोणी २ गिगाबाइटची चित्रफीत साठवणीसाठी पाठवू लागले की आठही कॉल तुटक होतात. याचे कारण मोडेममधील रांगेत असते.

फाइल पाठवणारा टीसीपी हा नियमसंच स्वतःहून किती वेगाने पाठवायचे हे ठरवत नाही. पॅकेट गळेपर्यंत, म्हणजे वाट भरेपर्यंत, तो आपला वेग वाढवत नेतो. कार्यालयातील तारांचा वेग बहुधा १००० मेगाबिट असतो आणि बाहेरची वाट फक्त २० मेगाबिटांची. हे दोन वेग जेथे भेटतात, तेथे म्हणजे मोडेमच्या बफरमध्ये पॅकेटांची रांग लागते. हा बफर १ मेगाबाइटचा असेल, तर त्यात ८० लाख बिट मावतात आणि सेकंदाला २ कोटी बिट या गतीने तो रिकामा होण्यास ०.४ सेकंद लागतात. रांग भरलेली असताना आलेल्या आवाजाच्या प्रत्येक पॅकेटला आपली पाळी येईपर्यंत ४०० मिलिसेकंद थांबावे लागते. जी.११४ मधील १५० मिलिसेकंदांची मर्यादा कार्यालयाच्या दारातच ओलांडली जाते.

अवास्तव मोठ्या बफरमुळे निर्माण होणाऱ्या या विलंबाला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या प्रश्नाकडे लक्ष वेधले. मोठा बफर पॅकेटे गळू देत नाही, त्यामुळे फाइल पाठवणाऱ्या टीसीपीला वाट भरल्याची सूचना उशिरा मिळते आणि रांग भरलेलीच राहते. अधिक वेगाची जोडणी घेतल्याने हा दोष आपोआप जात नाही. फाइल लवकर संपते, पण ती चालू असेपर्यंत रांग तशीच भरते.

हा दोष ओळखण्याची चाचणी सोपी आहे. तारेने जोडलेल्या एका संगणकावर पुढील आज्ञा चालवावी:

```
ping -c 60 1.1.1.1
```

प्रथम जोडणी मोकळी असताना आणि नंतर मोठी फाइल अपलोड होत असताना मिळणाऱ्या वेळांची तुलना करावी. मोकळ्या वेळी १२ मिलिसेकंद आणि अपलोडच्या वेळी ४०० मिलिसेकंद असे आकडे दिसले, तर दोष रांगेचा आहे. दोन्ही वेळा सारखेच आकडे दिसूनही कॉल तुटत असतील, तर कारण अन्यत्र, बहुधा वायफायमध्ये, शोधावे.

## रांग आपल्या राउटरमध्ये आणणे

मोडेममधील रांगेवर कार्यालयाचे नियंत्रण नसते. त्यामुळे सेवागुणवत्तेची पहिली पायरी अग्रक्रम लावणे ही नसून रांगेची जागा बदलणे ही आहे. राउटरने बाहेर जाणारी वाहतूक २० ऐवजी १८ मेगाबिटांवर रोखली, तर मोडेमकडे त्याच्या क्षमतेपेक्षा कमी पॅकेटे पोहोचतात आणि त्याचा बफर रिकामा राहतो. रांग आता राउटरमध्ये लागते आणि तेथे ती कशी चालवायची हे ठरवता येते. हिशेबात ०.९ ने भागण्याचे कारण हेच. ही पायरी वगळून केवळ अग्रक्रम लावल्यास काहीही फरक पडत नाही, कारण राउटरमध्ये रांगच नसते आणि ज्या मोडेममध्ये ती असते तो अग्रक्रम पाहत नाही.

रांग चालवण्यासाठी आज प्रचलित असलेल्या पद्धती कोडेल या संकल्पनेवर आधारलेल्या आहेत. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ती २०१२ मध्ये मांडली. रांग किती लांब आहे याऐवजी पॅकेट तीत किती वेळ थांबले हे कोडेल पाहते. थांबण्याचा वेळ काही काळ सतत मर्यादेबाहेर राहिला, तर ती पॅकेटे टाकून देऊन टीसीपीला वेग कमी करण्याची सूचना देते. त्यावर आधारलेली केक ही पद्धत २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत समाविष्ट झाली. वेग रोखणे, प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देणे आणि अग्रक्रम पाहणे ही तिन्ही कामे ती एकत्र करते. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरवर तिची आज्ञा अशी असते:

```
tc qdisc replace dev eth0 root cake bandwidth 18mbit diffserv4 nat dual-srchost
```

येथे `eth0` म्हणजे मोडेमकडे जाणारी जोडणी. `dual-srchost` या शब्दामुळे उपलब्ध वेग आधी संगणकांमध्ये आणि मग प्रत्येक संगणकाच्या प्रवाहांमध्ये समान वाटला जातो. `nat` हा शब्द राहून गेल्यास बाहेर जाणारी सर्व वाहतूक एकाच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते आणि संगणकांमधील वाटणी निष्फळ ठरते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटर-प्रणालीत हीच मांडणी `luci-app-sqm` या पॅकेजच्या पडद्यावरून करता येते.

उदाहरणातील कार्यालयात याचा परिणाम पुढीलप्रमाणे होतो. १८ मेगाबिटांतून आवाजाचे ०.८ वजा केल्यास १७.२ उरतात. आठ कॉल आणि एक फाइल मिळून नऊ संगणक आहेत, म्हणजे प्रत्येकाचा समान वाटा सुमारे १.९ मेगाबिट येतो. सहा संगणकांना चित्रासाठी १.५ मेगाबिटच हवे असतात, त्यामुळे त्यांची गरज पूर्ण भागते. त्यांनी न वापरलेला वेग उरलेल्या तीन संगणकांमध्ये वाटला की प्रत्येकाला सुमारे २.७ मेगाबिट मिळतात. पडदा दाखवणाऱ्या दोघांना २.५ पुरतात. शेवटी फाइलसाठी सुमारे ३.२ मेगाबिट शिल्लक राहतात. कॉलांच्या चित्रावर कोणतीही खूण न लावता हे साधते.

याची किंमत फाइलला मोजावी लागते. २ गिगाबाइट म्हणजे १६,००० मेगाबिट. पूर्ण २० मेगाबिटांच्या वेगाने ही फाइल सुमारे १३ मिनिटांत गेली असती. ३.२ मेगाबिटांच्या वेगाने तिला सुमारे ८३ मिनिटे लागतात. कॉल संपताच तिचा वेग आपोआप वाढतो. तरीही ही देवाणघेवाण कार्यालयाने जाणून घेऊन स्वीकारावी लागते. ज्या कार्यालयाचे मुख्य काम मोठ्या चित्रफिती पाठवण्याचे आहे, त्याने इतर कामांसाठी धरलेले ३ मेगाबिट मुळातच वाढवून हिशेब करावा.

संगणकनिहाय वाटणीचे महत्त्व साठवण-सेवांमुळे वाढते. अनेक साठवण-सेवा एकच फाइल सात-आठ समांतर जोडण्यांवरून पाठवतात. वाटणी केवळ प्रवाहनिहाय असती, तर आठ कॉलांचे आठ आणि फाइलचे आठ अशा सोळा प्रवाहांत १७.२ मेगाबिट विभागले गेले असते. पडदा दाखवण्याची वाहतूक बाजूला ठेवली तरी प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १.१ मेगाबिट आले असते आणि सर्व चित्रे धूसर झाली असती. संगणकनिहाय वाटणीत आठ जोडण्या उघडणाऱ्या संगणकालाही एकच वाटा मिळतो.

## अग्रक्रमाच्या खुणा

प्रत्येक आयपी पॅकेटच्या शीर्षकात सहा बिटांची एक जागा असते. तिला डीएससीपी म्हणतात. १९९८च्या `RFC 2474` या दस्तऐवजाने ती निश्चित केली. आवाजासाठी ४६ ही खूण वापरण्याचा प्रघात असून तिचे नाव `EF` आहे. बैठकीतील चित्रासाठी ३४ म्हणजे `AF41` ही खूण वापरली जाते. खूण म्हणजे केवळ विनंती असते. वाटेतील एखाद्या उपकरणाने ती मानायचे ठरवले तरच तिचा उपयोग होतो. सामान्य आंतरजाल-सेवेत या खुणा कार्यालयाबाहेर मानल्या जात नाहीत आणि अनेकदा पुसल्या जातात. म्हणून त्यांचे कार्यक्षेत्र आपल्या राउटरपुरते समजावे.

खुणा लावताना सर्वाधिक होणारी चूक म्हणजे सगळ्यालाच अग्रक्रम देणे. केक पद्धतीच्या `diffserv4` या मांडणीत आवाजाच्या गटाला एकूण वेगाच्या २५ टक्के आणि चित्राच्या गटाला ५० टक्के एवढी मर्यादा आहे. गट ती मर्यादा ओलांडतो, तेव्हा त्याचा अग्रक्रम जातो. १८ मेगाबिटांच्या मांडणीत या मर्यादा अनुक्रमे ४.५ आणि ९ मेगाबिट होतात. आवाजाची गरज ०.८ आहे, म्हणून तो नेहमी पुढे जातो. चित्र आणि पडदा मिळून १४ मेगाबिट होतात आणि ते ९ च्या पुष्कळ पलीकडे आहेत. अशा कार्यालयात फक्त आवाजाला `EF` ही खूण लावावी आणि चित्र सर्वसाधारण गटातच ठेवून संगणकनिहाय वाटणीवर सोडावे, हे अधिक स्थिर ठरते.

आवाज ओळखण्यासाठी बैठक-सेवेची पोर्ट-मांडणी पाहावी लागते. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये प्रशासकाने वास्तविक-वेळेतील वाहतुकीसाठी पोर्ट ठरवून देण्याची सोय सुरू केल्यास संगणकाकडील आवाजाची पोर्टे ५०००० ते ५००१९ आणि चित्राची ५००२० ते ५००३९ अशी राहतात. लिनक्स राउटरवर त्यानुसार खूण अशी लावता येते:

```
nft add table inet qos
nft add chain inet qos fwd '{ type filter hook forward priority mangle; }'
nft add rule inet qos fwd oifname "eth0" udp sport 50000-50019 ip dscp set ef
```

हा नियम आयपीव्ही४ वाहतुकीपुरता आहे. ज्या सेवा आवाज आणि चित्र एकाच पोर्टवरून पाठवतात, त्यांच्या बाबतीत पोर्टवरून असा भेद करता येत नाही. तेथे खुणांच्या मागे न लागता वेग रोखणे आणि समान वाटणी यांवरच भिस्त ठेवावी.

## डाउनलोडची दिशा

डाउनलोडची रांग सेवादात्याच्या उपकरणात लागते. राउटरकडे पोहोचलेले पॅकेट ती वाट आधीच पार करून आलेले असते. म्हणून या दिशेने नियंत्रण अप्रत्यक्ष राहते. राउटर येणारी वाहतूक १०० ऐवजी ९० किंवा ८५ मेगाबिटांवर रोखतो, जास्तीची पॅकेटे टाकतो आणि दूरचा टीसीपी त्यावरून आपला वेग कमी करतो. ही सूचना पोहोचण्यास वेळ लागतो, त्यामुळे अपलोडपेक्षा येथे अधिक जागा मोकळी सोडणे हितावह असते. बाहेरून आलेल्या खुणांवर विसंबू नये. समान वाटणी येथेही लागू करता येते आणि तिच्यासाठी `dual-srchost` ऐवजी `dual-dsthost` वापरतात.

## पडताळणी

वेगाची मर्यादा ठरवण्यासाठी आधी जोडणीचा प्रत्यक्ष वेग दिवसाच्या निरनिराळ्या वेळी मोजावा आणि त्यांतील कमी आकड्याच्या ९० टक्क्यांपासून सुरुवात करावी. मग मोठी फाइल अपलोड करत पुन्हा `ping` चालवावे. वेळ मोकळ्या जोडणीपेक्षा काही मिलिसेकंदांनीच वाढत असेल, तर मर्यादा थोडी थोडी वाढवता येते. वेळ एकदम उसळली की रांग पुन्हा मोडेममध्ये गेली असे समजून एक पायरी मागे यावे. गटनिहाय स्थिती पुढील आज्ञेने दिसते:

```
tc -s qdisc show dev eth0
```

त्यातील `av_delay` हा आकडा सरासरी विलंब आणि `drops` हा टाकलेली पॅकेटे दर्शवतो. आवाजाच्या गटात पॅकेटांची संख्या शून्यच राहिली, तर खुणा लागत नाहीत असा अर्थ होतो. सर्वसाधारण गटात काही पॅकेटे टाकली जाणे हे मात्र दोषाचे लक्षण नाही. टीसीपीला आवरण्याची ती रीतच आहे.

## मर्यादा

राउटरमधील हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असल्यास पॅकेटे रांगेच्या व्यवस्थेला वळसा घालून जातात आणि सर्व मांडणी कागदावरच राहते. ते बंद केल्यावर प्रोसेसरवरील भार वाढतो. जुन्या राउटरला काही शे मेगाबिटांचा वेग रोखून धरणे झेपत नाही.

वायफायमध्ये सर्व उपकरणे एकाच ध्वनिलहरीसारख्या सामायिक माध्यमात आळीपाळीने बोलतात. तेथील गर्दी बाहेरच्या जोडणीच्या रांगेपेक्षा वेगळी असून वरील उपायांनी ती हटत नाही. वायफायमध्ये अग्रक्रमाचे चार वर्ग असतात. अनेक उपकरणे डीएससीपीच्या पहिल्या तीन बिटांवरून वर्ग ठरवतात, त्यामुळे ४६ ही आवाजाची खूण आवाजाच्या वर्गाऐवजी चित्राच्या वर्गात जाते. ही विसंगती दूर करणारी जुळणी २०१८च्या `RFC 8325` मध्ये दिली आहे. नेहमी कॉलवर असणारे संगणक तारेने जोडणे हा त्यावरील सर्वांत साधा उपाय होय.

मोबाइल जाळ्यावरील जोडणीचा वेग क्षणोक्षणी बदलतो. तेथे १८ मेगाबिटांसारखी स्थिर मर्यादा कधी अपुरी तर कधी अवाजवी ठरते. तसेच सेवादात्याच्या जाळ्यात किंवा बैठक-सेवेच्या सर्व्हरजवळ गर्दी झाली, तर कार्यालयाच्या राउटरला तिचे निवारण करता येत नाही. जोडणी मोकळी असतानाही `ping` चे आकडे दिवसाच्या ठरावीक वेळी वाढत असतील, तर त्यांची वेळेसह नोंद ठेवून ती सेवादात्यापुढे मांडावी लागते.